सायकसच्या नव्या झावळ्या पिवळ्या आणि आखडलेल्या, जुन्या मात्र हिरव्यागार: नेमकं काय कमी पडतंय?

रेवती_सोलापूर (४ जुलै, सकाळी ९:१०)

कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत सायकस लावलेला आहे. नर्सरीत त्याला सागो पाम म्हणतात, तोच. लावून ५ वर्षं झाली. खोड जमिनीपासून २२ सेंमी उंच आहे आणि सोललेल्या नारळापेक्षा थोडं जाड.

गेल्या वर्षी जूनमध्ये १२ झावळ्या एकदम आल्या. त्या फिकट होत्या, पण आकार बरा होता. यंदा मेअखेरीस ९ आल्या. लांबी मागच्यांच्या निम्मी, रंग पिवळा, पाती आखडलेली आणि टोकं तपकिरी होऊन कुरळी झालेली. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की खालच्या, तीन वर्षांपूर्वीच्या झावळ्या अजून गर्द हिरव्या आहेत.

पाणी बोअरचं, आठवड्यातून दोनदा, एका वेळी साधारण २० लिटर. दिवाळीत शेणखत घातलं होतं. मेनंतर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत देते आहे, आणि दोनदा एक-एक चमचा एप्सम सॉल्ट पाण्यातून दिलं. महिना उलटला तरी काहीच फरक नाही.

तीन प्रश्न आहेत. नेमकं काय कमी पडतंय? पिवळ्या झावळ्या काढून टाकू का? आणि पाच वर्षांत खोड जेमतेम वीतभर झालंय, हे ठीक आहे की झाड खुरटलंय?

---

प्रमोद_बागप्रेमी (४ जुलै, १०:०२)

पान पिवळं पडणं म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता. हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असतं. एप्सम सॉल्ट चालू केलंत ते योग्यच, पण जमिनीतल्या झाडाला एका चमच्याने काय होणार? १०० ग्रॅम द्या आणि पंधरा दिवसांनी परत द्या.

---

माळरान (४ जुलै, ११:४०)

प्रमोदजी, हरितद्रव्याचं बरोबर सांगितलंत, पण या झाडाला एवढ्यात १०० ग्रॅम नको. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतं. त्यामुळे आधी खालच्या झावळ्या कडेने पिवळ्या पडतात आणि मधला भाग हिरवा राहतो. पालाश आणि नत्राचंही तसंच, आधी जुनी पानं बोलतात. रेवतीताईंकडे बरोबर उलटं आहे: खालचं हिरवं, वरचं पिवळं. म्हणजे जे अन्नद्रव्य जुन्या पानातून परत काढता येत नाही, तेच कमी पडलेलं असणार. अशांमध्ये सायकसच्या बाबतीत पहिलं नाव मॅंगनीजचं आणि दुसरं लोहाचं.

पण नुसत्या वर्णनावरून औषध सांगत नाही. ताई, आधी चार गोष्टी बघून सांगा.

एक, नव्या झावळीची पाती आकाराने नीट आहेत आणि फक्त रंग पिवळा आहे, की आकारच बिघडलाय? तुम्ही आखडलेली म्हणालात, तरी एकदा नीट निरखून सांगा.

दोन, झावळी उलटी करून खालच्या बाजूला आणि देठाच्या बुडाशी पांढरा भुसा चिकटल्यासारखा दिसतो का? दिसला तर नखाने खरवडा. खालून नारिंगी-पिवळसर ओलं काही निघालं तर ती जिवंत खवले कीड. कोरडंच निघालं तर मेलेले खवले.

तीन, शेंड्याचा मधला भाग अंगठ्याने दाबून बघा. टणक हवा. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी कुजीचं बघावं लागेल.

चार, भिंतीजवळची मूठभर माती उन्हात पूर्ण वाळवा, वाटीत घ्या आणि वरून दोन चमचे साधं व्हिनेगर ओता. फसफसते का?

---

सुगंधा_ठाणे (४ जुलै, दुपारी १:१५)

माझ्याकडच्या पामचंही असंच झालं होतं. हॉलमध्ये होता, पानांची टोकं तपकिरी. जास्त पाणी होत होतं. कुंडीत तीन-चार बारीक खोडं होती, त्यातली जुनी बुडातून कापली आणि नवीन फुटवे छान आले. तुम्हीही पिवळे दांडे बुडातून काढा, मधून नवीन येतील.

---

माळरान (४ जुलै, १:३०)

सुगंधाताई, तुमच्याकडचा अरेका पाम दिसतोय, बारीक खोडांचा झुपका असलेला. सायकस नावाला पाम आहे, पण पामच्या कुळातलाच नाही. त्याचं नातं पाइन, देवदार यांसारख्या बिनफुलांच्या झाडांशी जवळचं. त्याला एकच जाड खोड असतं आणि त्यावर एकच शेंडा, वर्षभराच्या झावळ्या तिथूनच निघतात. बुडाशी पिल्लं येतात, पण तो शेंडा कापला तर पुन्हा वरून फुटेलच असं नाही. अरेकाचा उपाय इथे लावू नका.

---

रेवती_सोलापूर (५ जुलै, सकाळी ८:२०)

सगळं बघितलं.

नव्या झावळीची पाती बुडाशी पिवळट हिरवी आहेत, मधे पिवळी आणि टोकाकडे कागदासारखी वाळून मुरडलेली. आकार नक्कीच बिघडलाय. एकाच झावळीवर काही पाती नीट लांब तर शेजारची निम्म्यावर थांबलेली. जाळीसारखी हिरवी शीर मात्र कुठेच दिसली नाही. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात असं वाचलं होतं, म्हणून मुद्दाम शोधली.

पांढरं काही नाही. शेंडा दगडासारखा टणक.

मातीवर व्हिनेगर ओतल्याबरोबर चांगलीच फसफसली. आणि एक गोष्ट लिहायची राहिली होती: दोन वर्षांपूर्वी भिंतीला बाहेरून प्लास्टर केलं. मिस्त्रींनी खाली पडलेला माल त्याच वाफ्यात सारून टाकला होता. काल वरची माती हलवली तर सिमेंट-वाळूचे खडे निघाले, काही सुपारीएवढे.

---

माळरान (५ जुलै, ९:५५)

तुम्ही शीर शोधलीत ते छान केलंत, कारण अनेकांची फसगत तिथेच होते. जास्वंदीच्या किंवा लिंबाच्या पानावर लोहाच्या कमतरतेत हिरव्या शिरांची जाळी दिसते. सायकसच्या पात्याला मधोमध एकच शीर असते, बाजूच्या शिरा नसतातच. त्यामुळे जाळी दिसणार तरी कुठून? इथे रंगापेक्षा आकार जास्त सांगतो. लोह कमी असेल तर पाती पिवळी होतात, पण सहसा आकाराने धड राहतात. मॅंगनीज कमी असेल तर पाती आखडतात, मुरडतात, टोकाकडून वाळतात आणि झावळी लांबीला कमी राहते. तुमच्याकडचं चित्र मॅंगनीजचं आहे. लोहही थोडं कमी असू शकतं, कारण दोन्ही एकाच कारणाने अडतात.

ते कारण तुमच्या वाटीत फसफसलं. मातीत मोकळा चुना आहे. सोलापूरकडच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, त्यात प्लास्टरचा माल पडला. मातीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास गेला की मातीतलं मॅंगनीज मुळांना घेता येत नाही अशा रूपात बदलतं. मातीत असतं, पण झाडाच्या हाती लागत नाही. भर पडते ती बोअरच्या पाण्याने. समजा पाण्यात चुन्याच्या मापात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. २० लिटरमागे ६ ग्रॅम, आठवड्याला १२, वर्षाला सहाशे ग्रॅमच्या वर चुना त्या एका आळ्यात उतरतो. पावसाने थोडा निचरून जातो, सगळा नाही.

आता काळाचं गणित बघा, कारण उपायाच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सायकस आपल्या केळी-पपईसारखा वर्षभर पान-पान काढत नाही. झावळ्यांचा एक अख्खा झुपका शेंड्याच्या आत बंद अवस्थेत तयार होतो आणि मग दोन-तीन आठवड्यांत एकदम उलगडतो. जे पातं आज मुरडलेलं दिसतंय, त्याची घडण बाहेर येण्याआधीच बिघडली होती. म्हणजे मेमध्ये आलेला झुपका तुम्हाला मेच्या आधीचे महिने दाखवतोय. जूनमध्ये दिलेल्या कशानेही तो सुधारणार नव्हता. एप्सम सॉल्टने किंवा १९:१९:१९ ने फरक पडला नाही, यात तुमची चूक नाही. थोडं फिकट पातं नंतर जरा हिरवं होऊ शकतं, मुरडलेलं मात्र कधीच सरळ होत नाही. आपण काम करतोय ते पुढच्या झुपक्यासाठी.

---

शिवार_केव्हीके (५ जुलै, सायंकाळी ६:४५)

वरच्या निदानाशी सहमत. प्रमाणं सांगतो.

कृषी सेवा केंद्रात मॅंगनीज सल्फेट मागा, पिशवीवर मॅंगनीज ३०.५ टक्के लिहिलेलं असतं. फिकट गुलाबी पूड किंवा खडे येतात. मॅंगनीज ऑक्साइड घेऊ नका. ते पाण्यात विरघळत नाही, चुनखडीच्या मातीत तर पडूनच राहतं.

या मापाच्या झाडाला वर्षाला एकूण १०० ग्रॅम, दोन हप्त्यांत. ५० ग्रॅम आता पावसाची उघडीप बघून आणि ५० ग्रॅम जानेवारीअखेर, म्हणजे पुढचा झुपका घडत असताना ते मुळांशी असेल. खोडाला चिकटून टाकू नका, शेंड्यावर तर अजिबात नको. खोडापासून वीतभर सोडून पुढच्या हातभर पट्ट्यात गोल पसरा, बोटभर खोल मातीत मिसळा, वर दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि लगेच भरपूर पाणी. कोरडं टाकून तसंच ठेवलं तर चुनखडीशी संबंध येऊन ते पुन्हा न मिळणाऱ्या रूपात जातं. म्हणून एकदाच १०० ग्रॅम टाकण्यापेक्षा दोनदा ५० बरं.

ज्यांचं झाड कुंडीत आहे त्यांनी ही मात्रा वापरू नका. १२ इंची कुंडीला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दोन लिटर पाण्यात विरघळवून वर्षातून दोनदा. जास्त झालं तर मॅंगनीजही मुळांना बाधतं.

१९:१९:१९ त्याच दिवशी किंवा त्याच बादलीत देऊ नका. त्यातल्या स्फुरदाशी मॅंगनीज बांधलं जातं. खरं तर आत्ता ते खत बंदच करा, झाडाला नत्राची कमतरता दिसत नाही.

शक्य असेल तर माती तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी होते. नमुना देताना सूक्ष्म अन्नद्रव्यं असं वेगळं सांगा, साध्या तपासणीत ती येत नाहीत. अहवालात मॅंगनीज २ पीपीएमच्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली असेल तर कमतरता धरतात.

---

प्रमोद_बागप्रेमी (५ जुलै, रात्री ८:१०)

जुनं पान आणि नवं पान हा फरक माझ्या लक्षात नव्हता, मान्य. पण मग वेगळं मॅंगनीज शोधत बसण्यापेक्षा मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड २ सगळीकडे मिळतं, त्यात सगळंच असतं. ते फवारलं तर? आणि गंधक टाकून सामूच खाली आणला तर मूळ दुखणंच जाईल ना?

---

शिवार_केव्हीके (५ जुलै, ८:५०)

ग्रेड २ मध्ये मॅंगनीज फक्त १ टक्का असतं, जस्त ३ टक्के. देखभालीला ठीक आहे. इतकी उघड कमतरता असताना त्यातून पुरेसं मॅंगनीज द्यायचं तर जस्त आणि बोरॉन नको इतकं जाईल. बोरॉनची हद्द फार अरुंद असते. म्हणून इथे एकच द्रव्य, मोजून.

गंधकाचं गणित मांडून बघू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंमी खोल माती म्हणजे साधारण ४०० किलो. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर २० किलो. तेवढी संपवायला सहा किलोच्या वर गंधक लागेल. ते संपेपर्यंत सामू फारसा हलणार नाही, आणि बोअरच्या पाण्यातून चुना येतच राहील. इतकं गंधक एका झाडाच्या मुळांशी टाकायचा सल्ला मी देणार नाही. शेणखताबरोबर मूठभर घातलं तर मुळांजवळ थोडी जागा सुधारते, तेवढीच अपेक्षा ठेवा.

---

माळरान (५ जुलै, ९:३०)

मी गंधकाआधी ते सिमेंटचे खडे काढीन. वरची १०-१५ सेंमी माती हाताने किंवा खुरप्याच्या टोकाने सैल करा, खडे वेचा आणि त्या जागी पोयटा, शेणखत व जाड वाळू समान भागांत भरा. कुदळ लावू नका.

माती काढताना खोडाजवळ, अगदी पृष्ठभागालगत, आल्याच्या किंवा पोवळ्याच्या गाठींसारखे तपकिरी-हिरवट झुपके दिसतील. ते मुळांचेच आहेत, वर वाढणारी मुळं. त्यांच्यात निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतं. रोगाच्या गाठी समजून पुष्कळ जण ते छाटतात. छाटू नका, वर पातळ मातीचा थर द्या.

पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात छतावरचं पाणी दोन पिंपांत धरता आलं तर या झाडासाठी राखून ठेवा. आणि आठवड्यातून दोनदा २० लिटर फार होतं. काळ्या मातीत वरचे चार बोटं कोरडे झाल्यावरच द्या. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पावसाळ्यात बहुतेक लागणारच नाही. कमी पाणी म्हणजे कमी चुना, आणि मुळांना हवाही मिळते.

---

शिवार_केव्हीके (६ जुलै, सकाळी ७:३०)

एक भर. नवा झुपका बाहेर पडायला लागला, मधे करड्या लवेचे कोंब दिसले की लगेच मॅंगनीज सल्फेटची फवारणी करा. लिटरला २ ग्रॅम, सोबत द्रावण पानाला चिकटवणाऱ्या स्टिकरचे दोन-तीन थेंब, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी. जमिनीतून कमी पडलं तर पानातून मिळेल.

---

माळरान (६ जुलै, ८:१५)

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सायकसचं कोवळं पातं फार हळवं असतं, गुंडाळी सुटताना त्यावर डाग पडला तर तो झावळी गळेपर्यंत राहतो. आणि कडक झालेल्या पात्यावर मेणाचा थर इतका जाड की किती आत शिरतं याची खात्री नाही. मी लिटरला १ ग्रॅमने सुरू करीन, तेही आधी एकाच झावळीवर. दोन दिवसांत काही जळलं नाही तर बाकीच्यांवर. खरा भार जमिनीतल्या मात्रेवरच ठेवीन.

---

शिवार_केव्हीके (६ जुलै, ८:४०)

भात-गव्हात आम्ही याहून जास्त वापरतो, पण ते पीक वेगळं हे खरं. एका झावळीवर आधी करून बघणं केव्हाही चांगलं. २ ग्रॅम चालतं यावर मात्र मी ठाम आहे.

---

शांताराम_फोंडा (६ जुलै, ११:२०)

आमच्याकडचं वेगळं दिसतंय म्हणून विचारतो. जांभ्या दगडाची लाल माती, पाऊस भरपूर. नव्या झावळ्या चांगल्या हिरव्या येतात, पण खालच्या दोन फेऱ्या कडेने पिवळ्या, मधला पट्टा हिरवा. काही पात्यांवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली. मॅंगनीज घालू का?

---

माळरान (६ जुलै, दुपारी १२:०५)

शांतारामबाब, नका घालू. तुमची माती आम्लधर्मी आहे, तिथे मॅंगनीज सहज मिळतं, उलट जास्त व्हायची भीती. धो धो पावसात वाहून जातं ते मॅग्नेशियम आणि पालाश. कडेने पिवळा आणि मधे हिरवा पट्टा ही मॅग्नेशियमची खूण, ठिपके आणि करपलेली टोकं पालाशची. प्रमोदजींनी सांगितलेलं एप्सम सॉल्ट तुमच्याकडे बरोबर लागू पडतं. खोड फूटभराचं असेल तर ५० ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि ५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर, पुन्हा डिसेंबरात आणि मार्चमध्ये. दोन्ही एकत्रच द्या. नुसतं पालाश दिलं तर मॅग्नेशियम आणखी मागे पडतं, आणि उलटंही तसंच.

त्या अर्धवट पिवळ्या झावळ्या आत्ता कापू नका. झाड त्यांच्यातूनच पालाश आणि मॅग्नेशियम ओढून वर पाठवतंय. कापल्या की ते त्याच्या वरच्या फेरीतून ओढायला लागेल आणि पिवळेपणा एक पायरी वर सरकेल.

---

तन्मय_नाशिक (६ जुलै, ९:०० रात्री)

माझा सायकस १२ इंची कुंडीत, पूर्वेच्या बाल्कनीत आहे. आहेत त्या झावळ्या हिरव्या आहेत, पण १४ महिने झाले नवीन एकही नाही. शेंड्याशी फक्त करडी लव आणि टोकदार खवले. शेंडा बंद पडलाय का? वरून कापसासारखा भाग काढला तर आतून फुटेल का? युरियाही टाकून बघावा म्हणतोय.

---

माळरान (६ जुलै, ९:४०)

तन्मय, तो करडा कापसासारखा भाग काढू नका. शेंडा त्याच्या आतच आहे. दाबून टणक लागला तर झाड जिवंत आहे आणि त्याचं वेळापत्रक चालू आहे.

सायकस रिव्होल्युटा मूळचा दक्षिण जपानचा, क्युशू आणि र्‍युक्यू बेटांवरचा, समुद्रकाठच्या उघड्या खडकाळ उतारांवर वाढणारा. तो सावकाशच वाढतो. चांगल्या उन्हात आणि जमिनीत वर्षाला एक झुपका, फार तर कधी दोन. कुंडीत, अर्ध्या उन्हात एखादं वर्ष पूर्ण सुटू शकतं. नुकती कुंडी बदलली असेल तरी तो मुळं जमवतो आणि वरचं काम थांबवतो. पूर्वेच्या बाल्कनीत ऊन किती तास? चार तासांहून कमी असेल तर पहिलं कारण तेच. मात्र जागा हळूहळू बदला. एकदम भर उन्हात ठेवलं तर जुन्या झावळ्या भाजून पांढुरक्या पडतात.

युरिया नको. या झाडाला जोराने ढकलता येत नाही. जास्त नत्राने मुळं दुखावतात, आणि नत्राच्या बळावर झुपका आला तरी मॅंगनीज पुरेसं नसेल तर तोही मुरडलेला येतो.

---

रेवती_सोलापूर (७ जुलै, सकाळी ८:००)

म्हणजे माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. पाच वर्षांत २२ सेंमी ठीक आहे का? लावला तेव्हा खोड किती होतं ते मोजलं नव्हतं. बहुतेक मुठीएवढं असेल, १०-१२ सेंमी.

---

शिवार_केव्हीके (७ जुलै, ८:३५)

१० सेंमी धरलं तर पाच वर्षांत १२, म्हणजे वर्षाला सव्वादोन-अडीच सेंमी. सायकससाठी ही चांगली वाढ आहे. सर्वसाधारण वर्षाला एक ते अडीच सेंमी धरा. झाड खुरटलेलं नाही, फक्त गेल्या दोन झुपक्यांना अन्न मिळालं नाही. कंबरेएवढं खोड असलेला सायकस कुठे दिसला तर तो चाळीस-पन्नास वर्षांचा असू शकतो. मोठ्या रोपांची किंमत इतकी का असते ते यावरून कळेल, तिथे आपण कुणीतरी सांभाळलेल्या वर्षांचे पैसे देतो.

---

माळरान (७ जुलै, ९:१५)

आता तुमच्या झाडाचं वेळापत्रक मांडतो, म्हणजे मधेच उपाय बदलायचा मोह होणार नाही.

आता खडे काढणं आणि पहिले ५० ग्रॅम. त्यानंतर दिवाळीपर्यंत झाड जसं आहे तसंच दिसेल. हे दिवस काढणं सर्वात कठीण जातं, कारण काही करत नाही असं वाटतं. जानेवारीअखेर दुसरे ५० ग्रॅम. पुढचा झुपका एप्रिल ते जूनच्या दरम्यान अपेक्षित आहे. तो पूर्ण हिरवा येईलच असं नाही, पण पाती सरळ आणि झावळी यंदापेक्षा लांब आली तर निदान बरोबर होतं. झुपका उलगडल्यापासून पाती कडक होईपर्यंत, साधारण चार-सहा आठवडे, झाडाला हात लावू नका आणि माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका. दिसायला भरदार व्हायला आणखी एक झुपका, म्हणजे २०२८ चा उन्हाळा उजाडेल असं समजून चाला. पुढचाही झुपका असाच मुरडलेला आला, तर मात्र चुनखडीत मात्रा पोचत नाही असं धरून झाड मुळांच्या गोळ्यासकट उचलून १६-१८ इंची कुंडीत, आपण तयार केलेल्या मातीत घ्यावं लागेल. सायकस हे सहन करतो, पण त्यानंतर एक झुपका हुकतो.

यंदाच्या ९ झावळ्या काढू नका. पाती मुरडली असली तरी जो भाग हिरवट आहे तो अन्न बनवतोय. पूर्ण तपकिरी झाल्यावरच बुडापासून दोन बोटं सोडून कापा.

एखाद्या वर्षी झावळ्यांऐवजी मधून पिवळसर उभं कणीस किंवा लोकरीचा घुमट निघाला तर घाबरू नका. नर झाडाला कणीस येतं, मादीला घुमट. त्या वर्षी झावळ्या येत नाहीत किंवा कमी येतात. तुमचं झाड अजून त्या वयाचं नाही.

---

सुगंधा_ठाणे (७ जुलै, १०:३०)

माझं झाड वेगळं निघालं तरी धागा वाचते आहे. सागो म्हणजे साबूदाणा ना? याच्या खोडापासून साबूदाणा करतात का? गावाकडे एक आहे, त्याला लाल बिया लागल्यात.

---

शिवार_केव्हीके (७ जुलै, ११:००)

नाही ताई, आणि हे घरात सगळ्यांना सांगा. आपला उपवासाचा साबूदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे आहेत. खरा सागो पाम तिसराच, आग्नेय आशियातला. सायकसचा प्रत्येक भाग विषारी आहे, सर्वात जास्त त्या लाल-नारिंगी बिया. जपानच्या बेटांवर दुष्काळात लोक याचं पीठ खायचे, पण ते वारंवार धुऊन, आंबवून, वाळवून, आणि तरीही विषबाधा व्हायच्या. कुत्र्याने एखाद-दुसरी बी चावली तरी यकृत निकामी होऊ शकतं. पडलेल्या बिया गोळा करून टाका, आणि कुत्र्याने खाल्ल्याचा संशय आला तर उलटी-जुलाबाची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

---

रेवती_सोलापूर (९ जुलै, सायंकाळी ७:२०)

काल उघडीप मिळाली. वाफ्यातून पाऊण बादली सिमेंटचे खडे निघाले. खोडाच्या उत्तरेला त्या पोवळ्यासारख्या गाठी सापडल्या, मुलगा काढायला निघाला होता, त्याला थांबवलं. ५० ग्रॅम मोजून पसरलं, वर शेणखत आणि पाणी. १९:१९:१९ बंद. मातीचा नमुना सोमवारी देते आहे, सूक्ष्म अन्नद्रव्यं असं लिहूनच.

खोडाशेजारी भिंतीवर २२ सेंमीला खिळ्याने रेघ मारून तारीख लिहिली आहे. अहवाल आला की इथेच टाकते.

---

तन्मय_नाशिक (९ जुलै, ८:०५)

शेंडा टणक आहे. ऊन मोजलं, जेमतेम अडीच तास. कुंडी गच्चीवर न्यायची आहे, पण आधी दहा दिवस जाळीखाली ठेवतो. माझ्याकडे पाणी महापालिकेचं आहे, तरी मॅंगनीज द्यावं का?

---

माळरान (९ जुलै, ८:३०)

आत्ता नको. तुमच्या झावळ्या हिरव्या आणि सरळ आहेत, कमतरतेची एकही खूण नाही. ऊन वाढवा आणि नवीन झुपका कसा येतो ते बघा. तो मुरडलेला आला तरच ५ ग्रॅम.